जास्त वसूल करणाराही चोरच

‘प्रजासुखे सुखं राज्ञः’ हा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला श्लोक आपल्याकडे भाषणांत फार खपतो. प्रशासकीय प्रशिक्षणाचं उद्घाटन असो की अर्थसंकल्पावरची चर्चा, कुणीतरी तो म्हणतंच. तो ज्या अध्यायाच्या शेवटी येतो तो अध्याय मात्र फारसं कुणी उघडत नाही. तो आहे राजाच्या वेळापत्रकाचा. दिवसाचे आठ भाग आणि रात्रीचे आठ. दिवसाच्या पहिल्या भागात संरक्षणाची व्यवस्था आणि जमाखर्च ऐकायचा, दुसऱ्यात नगरातल्या आणि गावाकडच्या लोकांची कामं बघायची, पाचव्यात हेरांकडून बातमी घ्यायची. काम घेऊन आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायचं नाही, हेही तिथेच सांगितलंय. म्हणजे प्रजेचं सुख तिथे राजाच्या अंगचा सद्गुण म्हणून येत नाही. कोणत्या प्रहरी कोणतं दप्तर समोर यायचं, या प्रश्नाचा भाग म्हणून येतं.

माझा मुद्दा असा की अर्थशास्त्रातला लोककल्याणाचा खरा विचार या श्लोकात नाही. तो दुसऱ्या अधिकरणाच्या, म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या, सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत आहे, जिथे हिशेब, अपहार आणि नोकरांची परीक्षा याखेरीज काही नाही. आणि त्या तीन अध्यायांतली एक गोष्ट आपण आजही आपल्या यंत्रणेत नीट बसवलेली नाही.

ग्रंथाबद्दल एवढंच सांगून पुढे जातो. शामशास्त्रींनी ताडपत्रावरच्या पोथीवरून तो १९०९ मध्ये म्हैसूरला छापला, तोवर तो नावानेच माहीत होता. आज अभ्यासाला जी चिकित्सक आवृत्ती सगळे घेतात ती रा. प्र. कंगले यांची, मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत काढलेली. परंपरा हा ग्रंथ चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा मानते. अनेक अभ्यासक त्याची आजची रचना त्यानंतर काही शतकांची धरतात. त्यामुळे मौर्यांच्या काळात प्रत्यक्षात असंच चालत होतं, असं यावरून म्हणता येत नाही. हा कारभार कसा असावा याचा आराखडा आहे, पण दप्तराची खडान्खडा माहिती असलेल्या माणसाने केलेला.

आता त्या दप्तरात जाऊ. अक्षपटल म्हणजे मध्यवर्ती हिशेबाची कचेरी. तिचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, बसायच्या जागा वेगवेगळ्या, वह्या ठेवायची जागा ठरलेली. कामाचं वर्ष ३५४ दिवसांचं आणि ते आषाढी पौर्णिमेला संपतं. आपला मार्चएंड तसा तो आषाढ. त्या वेळी ठिकठिकाणचे हिशेबनीस मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन येतात. ते आले की पहिली गोष्ट काय करायची? त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं नाही. दोन गावच्या कारकुनांनी कचेरीच्या ओट्यावर बसून आकडे जुळवून घेतले, तर पुढची सगळी तपासणी वाया जाते. ज्याने हे लिहिलं त्याने असे जुळवलेले आकडे पाहिलेले असणार.

मग जमेची प्रत्येक नोंद पडताळायची. नुसती रक्कम बघून भागत नाही. कोणत्या दिवशी, कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या सदराखाली, कशातून आली, किती आली, हे तर हवंच. त्याशिवाय दिली कुणी, द्यायला लावली कुणी, लिहिली कुणी आणि घेतली कुणी, ही चार माणसंही नोंदीला जोडलेली असली पाहिजेत. खर्चालाही असेच प्रश्न. हिशेब उशिरा आणला तर महिनाभर वाट बघायची, त्यानंतर दर महिन्याला ‘पण’ नावाची दोनशे नाणी दंड वाढत जातो.

या चार माणसांचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने बघू. आठव्या अध्यायात अपहाराचे चाळीस प्रकार दिले आहेत. त्यातला पहिलाच: आधी वसूल झालेलं नंतर जमा दाखवणं. समजा एका गावाचा एक हजार पण कर चैत्रात वसूल झाला. वसूल करणाऱ्याने तो वहीत आषाढात चढवला. रक्कम पूर्ण आहे, बेरीज बरोबर आहे, शिल्लक जुळते. वर्षअखेरीला वही तपासणाऱ्याला काहीच सापडणार नाही. मधल्या तीन महिन्यांत मात्र तो पैसा बाजारात फिरला. याच ग्रंथात कर्जाचा साधा दर महिन्याला शेकडा सव्वा पण आणि व्यापारी कर्जाचा शेकडा पाच पण असा दिलाय. साध्या दराने या माणसाला साडेसदतीस पण सुटले, व्यापारी दराने दीडशे. हिशेबनीस आणि लेखक यांना त्याच ग्रंथात पगार आहे पाचशे पण, आणि बहुतेक अभ्यासक तो वर्षाचा मानतात. म्हणजे एका गावाची एक नोंद तीन महिने पुढे ढकलली की व्यापारी दराने वर्षाच्या पगाराच्या पाव हिश्शाहून जास्त कमाई, आणि राजाच्या तिजोरीतला एक पणही कमी नाही.

ही चोरी वहीत दिसत नाही, ती दिसते देणाऱ्याच्या आठवणीत. ज्या शेतकऱ्याने चैत्रात पैसे मोजले त्याला ते चैत्रात मोजले हे पक्कं माहीत असतं. नोंदीला देणाऱ्याचं नाव हवं ते यासाठी. संशय आला की त्या कामातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं: मुख्य अधिकारी, ठेव सांभाळणारा, लिहिणारा, घेणारा, देणारा, द्यायला लावणारा. यांपैकी जो खोटं बोलेल त्याला मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा. राजाचा पैसा व्याजाला लावल्याचं ठरलं तर मिळालेल्या फायद्याच्या दुप्पट दंड.

बाकीचे एकोणचाळीस प्रकारही असेच आहेत. न झालेलं झालं दाखवणं, थोडं देऊन जास्त लिहिणं, एकाने दिलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकणं, महाग माल स्वस्तात बदलून घेणं, माप आणि तराजू मारणं. यादी मी इथे उतरवत नाही. कोणत्याही पंचायत समितीत दहा वर्षं काढलेला माणूस ती स्वतःच पूर्ण करेल.

यानंतर नववा अध्याय येतो, आणि खरा वाद तिथे आहे. अधिकारी खातोय हे ओळखायचं कसं? कौटिल्य आधी पूर्वीच्या आचार्यांचं मत देतो. ते म्हणतात, मिळकत थोडी आणि खर्च मोठा दिसला तर तो खातोय असं समजा. मिळकतीपुरताच खर्च असेल तर तो खात नाही. हे मत आपल्याला फार ओळखीचं वाटावं, कारण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली बेहिशेबी मालमत्तेची तरतूद याच तर्कावर उभी आहे. ज्ञात उत्पन्नापेक्षा मालमत्ता जास्त निघाली की जबाब द्या.

कौटिल्य हे मान्य करत नाही. हेराशिवाय हे कळायचं नाही, एवढ्या एका वाक्यात तो विषय मिटवतो. कारण उघड आहे. साधं राहून साठवणारा माणूस आचार्यांच्या परीक्षेतून सहज सुटतो, आणि वडिलोपार्जित पैसा उधळणारा उगाच अडकतो. पुढे येणारे श्लोक प्रसिद्ध आहेत. जिभेवर ठेवलेला मध न चाखणं जसं अशक्य, तसं राजाचा पैसा हाताळणाऱ्याने तो थोडासुद्धा न चाखणं अशक्य. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसंच या नोकरांचं. हे श्लोक आपण सुभाषितं म्हणून पाठ करतो, पण तिथे ते आचार्यांच्या मताविरुद्धची साक्ष म्हणून आलेले आहेत.

मग हेर. हेरांना अर्थशास्त्रात मोठी जागा आहे, आणि पगारही. गृहस्थ, व्यापारी, तापस अशा वेषांत एका जागी राहून काम करणाऱ्या हेराला एक हजार पण, म्हणजे हिशेबनिसाच्या दुप्पट. त्यांचं एक काम मला खरोखर हुशारीचं वाटतं. पाच किंवा दहा गावांवरचा गोप नावाचा अधिकारी घरं, शेतं, माणसं, जनावरं, कर देणारे आणि माफी असलेले यांची नोंद ठेवतो. त्याच गावांत शेतकरी गृहस्थ बनून राहिलेला हेर तीच मोजणी स्वतंत्रपणे करतो, आणि दोन्ही आकडे समाहर्त्याकडे, म्हणजे महसुलाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, जातात. एकाच गोष्टीची दोन मोजमापं, दोन हातांनी, एकमेकांना न सांगता. यात वेषांतराचं नाटक वगळलं तर उरतं ते उत्तम लेखापरीक्षण.

दुसरं काम त्याहून धारदार. चौथ्या अधिकरणात हेर न्यायाधीशाकडे जातो आणि म्हणतो, हा आरोपी माझा नातेवाईक आहे, त्याला सोडवा, हे पैसे घ्या. न्यायाधीशाने घेतले की लाचखाऊ ठरवून हद्दपार. आपला लाचलुचपत विभाग सापळा लावतो तेव्हा निदान एक खरा तक्रारदार असतो, ज्याचं काम खरंच अडलेलं असतं. कौटिल्याच्या सापळ्यात गरज, नातेवाईक, पैसे सगळंच बनावट. मोह राज्यानेच तयार करायचा आणि मोहात पडल्याची शिक्षाही राज्यानेच द्यायची. मला हे पटत नाही, आणि इथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते.

कारण हीच यंत्रणा पुढे लोकांवरही फिरते. पहिल्या अधिकरणात हेर तीर्थांवर, सभांत, गर्दीत जाऊन आपसात खोटं भांडण करतात. एक राजाला नावं ठेवतो, दुसरा त्याची बाजू घेतो, आणि ऐकणारे काय बोलतात ते टिपलं जातं. संतुष्ट कोण, असंतुष्ट कोण, याची वर्गवारी होते. पाचव्या अधिकरणात तर खजिना रिकामा झाल्यावर काय करायचं याच्या युक्त्या आहेत, आणि त्यात रातोरात देवता प्रकट झाल्याचं भासवून जत्रा भरवणं आणि पैसा गोळा करणं हेही आहे. ‘प्राचीन सुशासन’ म्हणून या ग्रंथाचा गौरव करणारे हे पान उलटून पुढे जातात. नोकरांवर लावलेला हेर चांगला आणि प्रजेवर लावलेला वाईट, अशी विभागणी ग्रंथात नाही. माणसं तीच, पगार तोच. तीन हेरांची बातमी एकसारखी आली तर विश्वास ठेवा, वारंवार चुकणाऱ्याला गुपचूप शिक्षा करा, हे त्यांच्यावरचं नियंत्रण. पण तेही बंद दाराआडचं. हेराच्या शब्दावर ज्याची नोकरी गेली त्याला तो शब्द काय होता हे कधीच कळत नाही.

म्हणून मी हेर बाजूला ठेवतो आणि नवव्या अध्यायातल्या तीन वाक्यांकडे येतो. जो महसूल घटवतो तो राजाचं धन खातो. जो महसूल दुप्पट करतो तो जनपद, म्हणजे मुलूख आणि तिथली माणसं, खातो. जो आलेला सगळा महसूल खर्चात घालवतो तो माणसांचं काम खातो.

पहिलं वाक्य कोणत्याही राजाने लिहिलं असतं. तिसरं फार चांगलं आहे, कारण त्याच्या पुढे शिक्षा कशासाठी ते स्पष्ट केलंय: कामाचे दिवस, सामानाची किंमत आणि माणसांची मजुरी यांच्या चोरीसाठी. रोजगार हमीच्या हजेरीपटावर न आलेल्या मजुराचं नाव चढतं, खडीच्या बिलात ब्रास वाढतात, तेव्हा घडतं ते नेमकं हेच, याच तीन सदरांखाली. पण दुसरं वाक्य बघा. ठरल्याच्या दुप्पट वसूल करणारा अधिकारी गुन्हेगार आहे. आणि त्याने तो सगळा पैसा प्रामाणिकपणे राजाच्या तिजोरीत भरला असला तरी आहे. अपराध लहान असेल तर त्याला रोखावं, मोठा असेल तर शिक्षा करावी. त्याने स्वतः एक पण खाल्लेला नाही, राजाचा फायदाच केलाय, तरी.

यामागे भूतदया शोधू नये. दुसऱ्या अधिकरणाच्या सुरुवातीला नवी वस्ती वसवताना शेतकऱ्याला धान्य, गुरं, पैसा द्या, ते तो सोयीने परत करील, असं सांगितलंय. माफी मात्र खजिना वाढेल अशीच द्या, खजिना आटेल अशी नको, कारण खजिना आटलेला राजा शेवटी प्रजेलाच गिळतो. कोठारातल्या धान्याचा अर्धा भाग लोकांवरच्या संकटासाठी राखून ठेवायचा आणि जुनं काढून नवं भरत राहायचं. अनाथ, म्हातारे, आजारी यांना पोसायची जबाबदारी राजाची. हे सगळं एकाच हिशेबातून येतं: गाव मोडलं की पुढच्या वर्षी पिकाचा सहावा हिस्सा राजाला कुठून येणार? कच्चं फळ तोडू नये, असंही तो म्हणतो. हेतू थंड आहे, पण निष्कर्ष आपल्या आजच्या व्यवहारापेक्षा पुढचा आहे.

कारण आपल्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या अपराधासाठी दारं भरपूर आहेत. महसुलाचं लेखापरीक्षण मुख्यतः कर कमी आकारला गेला का, वसुली बुडाली का, हे बघतं. खर्चाचं लेखापरीक्षण उधळपट्टी बघतं. जास्त आकारणी करून लोकांना पिळणाऱ्याचं काय? ज्याच्यावर आकारणी झाली त्याने अपील करावं, वकील लावावा, वर्षं मोजावीत. तो जिंकला तर आकारणी रद्द होते. पण आकारणी करणाऱ्याच्या नोंदीत तेव्हा ‘उद्दिष्ट पूर्ण’ असा शेरा पडून गेलेला असतो, आणि बढतीही. आयकर खात्याला हे ठाऊक आहे; अवाजवी आकारणीच्या तक्रारींसाठी २०१५ मध्ये स्थानिक समित्या नेमाव्या लागल्या. पण समितीकडे तक्रार घेऊन जायचं पुन्हा पीडितानेच. वसुलीचा आकडा फार वाढला म्हणून वरिष्ठाने आपणहून चौकशी लावली, असं आपल्याकडे सहसा होत नाही. मार्चअखेरीला वाहनचालकांकडून दंडाची पावती फाडण्याचा जो वेग येतो, थकबाकीच्या नावाखाली ग्रामपंचायत दाखला अडवून ठेवते, त्याबद्दल कोणाला जाब विचारला जातो? उलट तालुक्यात पहिला आला म्हणून सत्कार होतो.

उपाय आठव्या अध्यायातच आहे आणि त्याला हेर लागत नाही. अधिकाऱ्याची चौकशी चालू असताना त्याच्या क्षेत्रात दवंडी पिटायची: या माणसाकडून ज्यांचं नुकसान झालं असेल त्यांनी येऊन सांगावं. आणि जो सांगेल त्याला नुकसानीप्रमाणे भरपाई द्यायला लावायची. चौकशीचा फायदा थेट पीडिताच्या हातात. खबर देणाऱ्यासाठीही सोय आहे: अपहार सिद्ध झाला तर त्याला रकमेचा सहावा हिस्सा, तो स्वतः त्या खात्याचा नोकर असेल तर बारावा. मात्र सिद्ध झाला नाही तर त्यालाच शिक्षा, आणि ती माफ करायची नाही. या शेवटच्या अटीमुळे किती तोंडं बंद राहिली असतील याची कल्पना करता येते. दवंडीला ही अट नाही. तिथे माणूस स्वतःच्या नुकसानीबद्दल बोलतो, दुसऱ्यावर आरोप सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येत नाही.

या दोन वाटांपैकी आपण खबरीची उचलली. खबरी, सापळा, छापा, बेहिशेबी मालमत्ता. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला आणि अंमलबजावणीविना वर्षानुवर्षं पडून राहिला. दवंडीच्या वाटेने राजस्थानातले मजूर १९९४ पासून गेले. त्यांनी गावात मांडव घालून हजेरीपट आणि बिलं मोठ्याने वाचली. ज्यांची नावं होती त्यांनी उभं राहून सांगितलं, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कौटिल्याला वेगवेगळं विचारून जे काढायचं होतं ते चारचौघांत आपोआप निघालं. पुढे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात २००५ मध्ये ग्रामसभेचं सामाजिक अंकेक्षण आलं ते याच धर्तीवर. पण ते खर्चापुरतं राहिलं. म्हणजे तिसरा अपराध.

वसुलीची अशी सुनावणी कुठेच होत नाही. दरवर्षी एकदा प्रत्येक तालुक्यात, ज्या खात्यांनी कर, दंड, शुल्क, थकबाकी वसूल केली त्यांनी आपली वही गावासमोर वाचावी. देणाऱ्याने माझ्याकडून किती, कधी आणि कुणी घेतले ते सांगावं. वहीत न सापडणारी किंवा नियमाबाहेरची रक्कम त्याला परत मिळावी आणि ती घेणाऱ्याच्या गोपनीय अहवालात लिहिली जावी. यावर हरकत येईल ती मला दिसते: चुकवेगिरी करणारेही येऊन ओरडतील, अधिकारी घाबरून वसुलीच सोडून देतील. पहिली हरकत खरी आहे, म्हणूनच पावती, तारीख आणि चार नावं नोंदीला हवीत. ओरड वहीवर घासून बघता आली पाहिजे. दुसरी हरकत घेणाऱ्यांनी पहिलं वाक्य विसरू नये. महसूल घटवणाराही खातोच, आणि त्याला पकडायची व्यवस्था आधीपासून आहे.

एक जागा मात्र या अध्यायांत रिकामी आहे. गोपावर समाहर्ता, समाहर्त्यावर हेर, हेरावर दुसरे दोन हेर, आणि सगळ्यांवर राजा. खुद्द राजाने वसुली दुप्पट करायचा हुकूम दिला तर कोण कोणाला रोखणार? पाचव्या अधिकरणात उत्तर आहे ते एवढंच, की संकटातली जादा मागणी एकदाच करावी, दुसऱ्यांदा नाही. ती दुसऱ्यांदा केली तर दवंडी कोणी पिटायची, हे सांगितलेलं नाही. उद्दिष्टं आज मंत्रालयातून येतात, आणि ती ठरवणाऱ्याचं नाव वसुलीच्या कोणत्याच वहीत नसतं. ‘द्यायला लावणारा कोण’ हा रकाना त्या पायरीपर्यंत भरायचा की तहसीलदारावर थांबवायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल.